पत्ता जुना, चूल नवी

पेढी एका गावाहून दुसऱ्या गावी नेणे व्यापारी कुटुंबांना नवे नाही. माल आधी जातो, मागून वह्या जातात, मग माणसे जातात आणि सर्वांत शेवटी जातो तो पत्ता. आधार कार्डावर, निवडणूक ओळखपत्रावर, वाहन परवान्यावर तो कित्येक वर्षे जुन्या वाड्यातच मुक्काम ठोकून असतो. व्यवहार सुरळीत चालू असतात तोवर कोणाला त्याची आठवणही होत नाही. नव्या गावी मोबाइलची जोडणी किंवा स्वयंपाकाच्या गॅसची जोडणी घ्यायला गेल्यावर मात्र खिडकीपलीकडून प्रश्न येतो : ‘कार्डावर पत्ता इथला नाही, मग काय करायचे?’

या प्रश्नाचे उत्तर दोन्ही ठिकाणी एकच असेल असे बहुतेकांना वाटते, आणि घोटाळ्याला सुरुवात तेथेच होते. मोबाइल कंपनीला मुख्यतः एवढेच जाणून घ्यायचे असते की, ‘हा माणूस कोण?’ गॅस वितरकाला त्याशिवाय आणखी एक गोष्ट हवी असते : ‘ही चूल कुठे पेटणार आहे?’ पहिल्या प्रश्नाला जुन्या पत्त्याचे ओळखपत्र बहुधा पुरते. दुसऱ्याला ते पुरत नाही. परंतु म्हणून ते ओळखपत्र निरुपयोगीही ठरत नाही. हा भेद ध्यानात न आल्यामुळे एका कुटुंबाला काय सोसावे लागले आणि पुढे त्यांनी कागद कोणत्या क्रमाने उभे केले, ते पाहण्यासारखे आहे.

अहिल्यानगर जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी या कुटुंबाचे किराणा-भुसाराचे जुने दुकान आहे. वडील आणि आई वाड्यातच राहतात. धाकट्या मुलाने पुण्यात बिबवेवाडीला सुक्या मेव्याचे दुकान घेतले आणि तो पत्नी व लहान मुलीसह भाड्याच्या सदनिकेत राहू लागला. त्याच्या आधार कार्डावर वाड्याचा पत्ता होता. सूनबाईंच्या आधारवर अजून माहेरचे आडनाव होते आणि पत्ता सोलापूरचा. घरमालकाशी झालेला भाडेकरार मुद्रांकावर लिहून नोटरीकडून शिक्का मारून आणलेला होता. त्याची दुय्यम निबंधकाकडे नोंदणी केलेली नव्हती.

प्रथम गरज पडली ती दुकानासाठी नव्या मोबाइल क्रमांकाची. मुलाची कल्पना अशी की पत्ता जुळत नाही, तेव्हा क्रमांक दुकानातील नोकराच्या नावे घ्यावा. तो पुण्याचाच होता आणि त्याचे कार्डही पुण्याचे. वडिलांनी फोनवरूनच हे नाकारले. ‘दुकानाचा क्रमांक म्हणजे दुकानाची पाटी,’ ते म्हणाले. ‘पाटी दुसऱ्याच्या नावाने लावायची नसते, बेटा.’

त्यांचे म्हणणे कायद्यानेही बरोबर होते. ज्याच्या नावे सिम, त्याच्याच ओळखीवर ते हरवल्यास पुन्हा मिळते. बँकेचे आणि कराच्या पोर्टलचे सांकेतिक क्रमांकही त्याच सिमवर येतात. नोकर सोडून गेला तर पाटी त्याच्याबरोबर जाणार. शिवाय २०२३ च्या दूरसंचार कायद्यात फसवणुकीने किंवा दुसऱ्याचे सोंग घेऊन सिम मिळवण्यासाठी तीन वर्षांपर्यंत कारावास, पन्नास लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा सांगितल्या आहेत.

प्रत्यक्षात सिम घेण्यासाठी या आडवाटेची गरजच नव्हती. १ जानेवारी २०२४ पासून सिमसाठी छापील अर्जाची जुनी पद्धत बंद झाली आणि ओळख पटवण्याचे काम डिजिटल मार्गानेच होऊ लागले. त्यात दोन वाटा आहेत. ग्राहकाने संमती दिली तर आधारची इलेक्ट्रॉनिक पडताळणी होते. बोटाचा ठसा किंवा चेहरा जुळला की नाव, जन्मतारीख, छायाचित्र आणि पत्ता थेट आधारच्या नोंदीतून अर्जात उतरतो. आधार द्यायचे नसेल तर पारपत्र, निवडणूक ओळखपत्र किंवा वाहन परवाना चालतो; विक्रेता मूळ कागदाचे आणि समोर बसलेल्या ग्राहकाचे छायाचित्र तेथेच घेतो. मोबाइलसाठी आधारची सक्ती करता येणार नाही हे सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१८ च्या निकालात स्पष्ट केले आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर तो मार्ग ग्राहकाच्या इच्छेवर ठेवला आहे.

दोन्ही वाटांनी गेले तरी कार्डावरील जुना पत्ता हा अडथळा ठरत नाही. अर्जात तो जसाच्या तसा उतरतो आणि ग्राहक बाहेरगावचा म्हणून नोंदला जातो. सध्या तो कोठे राहतो तो स्थानिक पत्ता आणि त्या गावातील एखाद्या ओळखीच्या व्यक्तीचे नाव व मोबाइल क्रमांक वेगळा घेतला जातो. त्या व्यक्तीला विचारणा होऊ शकते, म्हणून तिला आधी कल्पना द्यावी एवढेच. खरी अडचण मासिक बिलाच्या, म्हणजे पोस्टपेड जोडणीत येऊ शकते. तेथे बिल येणाऱ्या पत्त्याची कंपनी स्वतंत्र खातरजमा करू शकते. ज्याचा नवा पत्ता अजून कोणत्याच कागदावर नाही, त्याने प्रीपेड जोडणीपासून सुरुवात केलेली बरी.

मुलाने शेजारच्या दुकानदाराचे नाव स्थानिक ओळख म्हणून दिले आणि त्याच संध्याकाळी क्रमांक सुरू झाला. सूनबाईंनीही स्वतःच्या नावे एक क्रमांक घेतला. आधारवर माहेरचे नाव होते म्हणून सिमही माहेरच्या नावाने नोंदले गेले. त्यात गैर काही नाही. ओळख जिची, नाव तिचे. आधारमधील नाव पुढे बदलले की कंपनीकडील नोंदही बदलून घ्यावी, एवढे लक्षात ठेवायचे. एका व्यक्तीच्या नावे देशातील बहुतेक भागांत नऊपर्यंत जोडण्या चालतात आणि आपल्या नावावर किती चालू आहेत हे सरकारच्या ‘संचार साथी’ पोर्टलवर पाहता येते. मुलाने ते पाहिले, तेव्हा वाड्यातील एक जुना, बंद समजला गेलेला क्रमांक अजून त्याच्या नावावर आढळला; तो आपल्याला नको अशी नोंद त्याने तेथेच करून टाकली.

मोबाइलचे काम इतके सहज झाल्यामुळे गॅसचेही असेच होईल अशी समजूत झाली. वितरकाच्या खिडकीवर मात्र ‘आधारवर इथला पत्ता करून आणा’ एवढे एकच वाक्य मिळाले. आधारचा पत्ता बदलायचा तर पत्त्याचा पुरावा हवा, आणि नोटरीचा करार आधार केंद्राने घेतला नाही. विजेचे बिल घरमालकाच्या नावे. एका कागदासाठी दुसरा हवा आणि दुसऱ्यासाठी पहिला, अशा चक्रात ते दोघे सापडले. चातुर्मास जवळ आला होता. पाणी उकळून घ्यायचे, सूर्यास्ताआधी जेवण उरकायचे, आणि घरात एक विजेची शेगडी.

मग मुलाने सोपी वाट काढली. वाड्यावर वडिलांच्या नावे दोन सिलिंडरांची जोडणी होती. त्यांपैकी एक त्याने गाडीत टाकून पुण्यास आणला. शेगडी, रबरी नळी आणि रेग्युलेटर बाजारातून घेतले. महिन्याकाठी गावी जायचे, रिकामा सिलिंडर ठेवायचा आणि भरलेला आणायचा. आठ महिने हे बिनबोभाट चालले.

नवव्या महिन्यात एका सकाळी शेगडीकडील टोकाला नळी सैल झाली आणि ज्वाळ नळीवरून मागे सरकली. सूनबाईंनी प्रसंगावधान राखून रेग्युलेटर बंद केला, मुलीला उचलून बाहेर नेले आणि १९०६ या गॅस-दुर्घटनेच्या क्रमांकावर फोन केला. कोणाला इजा झाली नाही. पण ओट्याखालील कपाटे, वरची चिमणी आणि खिडकीचा पडदा जळाला. घरमालकाने चाळीस हजारांचा खर्च सांगितला.

या टप्प्यावर पत्त्याचा खरा अर्थ कुटुंबाला कळला. तेल कंपन्या आपल्या नोंदणीकृत घरगुती ग्राहकांसाठी दायित्वाचा विमा उतरवतात. त्याचा हप्ता ग्राहकाला वेगळा भरावा लागत नाही, म्हणून पुष्कळांना तो ठाऊकही नसतो. अपघातात मृत्यू झाल्यास प्रत्येक व्यक्तीमागे सहा लाख रुपये, औषधोपचारासाठी एका दुर्घटनेमागे एकूण तीस लाखांपर्यंत आणि त्यात प्रत्येक व्यक्तीला दोन लाखांपर्यंत, असे त्याचे स्वरूप आहे. मालमत्तेच्या नुकसानीसाठी दर दुर्घटनेमागे दोन लाखांपर्यंतची तरतूद आहे. परंतु ती ग्राहकाच्या ‘नोंदणीकृत जागेतील’ नुकसानीसाठी. गावच्या वितरकाने वही उघडून शांतपणे सांगितले, ‘शेठ, आमच्याकडे जागा वाड्याची आहे. वाड्यात काही झाले असते तर मी आजच कंपनीला कळवले असते.’ पुण्याच्या वितरकाकडे तर या कुटुंबाची नोंदच नव्हती. चाळीस हजार रुपये घरातून गेले.

मुलगा गावी आला तेव्हा वडील रागावले नाहीत. त्यांनी विचारले, ‘तुझ्याकडे कागद नव्हता, की कागद कोणता हवा ते ठाऊक नव्हते?’ प्रश्न नेमका होता. वितरकाच्या अर्जासोबत ग्राह्य कागदांची यादी असते आणि ती दोन स्तंभांत विभागलेली असते : ओळखीचा पुरावा आणि पत्त्याचा पुरावा. दोन्हीसाठी एकच कागद असलाच पाहिजे असे त्यात कोठेही नसते. ओळखीसाठी आधार, पारपत्र, पॅन, निवडणूक ओळखपत्र, वाहन परवाना यांपैकी एक चालते. पत्त्यासाठी वीज, पाणी किंवा दूरध्वनीचे अलीकडील बिल, भाडेकरार, सदनिकेचे वाटपपत्र किंवा ताबापत्र, घराच्या नोंदणीचा दस्त, शिधापत्रिका, बँकेचे विवरण, विमा पॉलिसी असे पर्याय असतात. म्हणजे जुन्या पत्त्याचे आधार कार्ड पहिल्या स्तंभात पूर्ण चालते. दुसऱ्या स्तंभात नव्या घराचा एक कागद हवा. खिडकीवरील माणसाने दोन्ही स्तंभ एकत्र केले होते, आणि मुलाने यादी मागितली नव्हती.

तेव्हा प्रश्न उरला तो नव्या घराच्या पहिल्या कागदाचा. भाड्याने राहणाऱ्यासाठी महाराष्ट्रात हा कागद नोंदणीकृत भाडेकरार, म्हणजे ‘लिव्ह अँड लायसन्स’चा दस्त होय. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यातील कलम ५५ प्रमाणे असा करार लेखी असणे आणि त्याची नोंदणी होणे बंधनकारक आहे, आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकावर आहे. नोटरीचा शिक्का म्हणजे नोंदणी नव्हे. आधारसाठीही नोंदणीकृत करार ग्राह्य धरला जातो. नोंदणी आता घरबसल्या ऑनलाइन होते. मालक, भाडेकरू आणि साक्षीदार यांचे अंगठे व छायाचित्रे घेतली जातात. या करारातही भाडेकरूच्या आधारवर जुनाच पत्ता असतो आणि तो तसाच ‘कायमचा पत्ता’ म्हणून लिहिला जातो. नवा पत्ता ‘मिळकतीचे वर्णन’ या सदरात येतो. चक्र तुटते ते येथे, कारण हा कागद करून घेताना नव्या पत्त्याचा पुरावा आधीच असावा लागत नाही. स्वतःची सदनिका घेणाऱ्याला हीच सोय खरेदीखत आणि सूची क्रमांक दोन यांनी मिळते. त्यांच्या आधारे वीज कंपनीकडे बिलावरील नाव बदलून घेता येते.

घरमालक प्रथम कां-कूं करीत होता. कायद्याचे कलम आणि आगीचा अनुभव या दोन्हींमुळे तो राजी झाला. करार मुलाच्या नावे झाला; म्हणून गॅसचा अर्जही मुलाच्याच नावे करायचे ठरले. नावाचा मेळ हाही महत्त्वाचा मुद्दा आहे. सूनबाईंच्या ओळखपत्रावर माहेरचे नाव आणि करारावर त्यांचे नावच नाही. त्यांच्या नावे अर्ज केला असता तर दोन स्तंभांतील व्यक्ती एकच आहे हे सिद्ध करण्यातच महिना गेला असता.

वितरकाने आणखी एक शंका काढली : ‘वडिलांच्या नावे जोडणी असताना मुलाला दुसरी कशी?’ याचे उत्तर २००० सालच्या गॅस पुरवठा आदेशातील ‘कुटुंबा’च्या व्याख्येत आहे. पती, पत्नी, अविवाहित मुले आणि अवलंबून असलेले आई-वडील एका घरात राहून एकाच स्वयंपाकघरात जेवत असतील तर ते एक कुटुंब, आणि अशा कुटुंबाला एक जोडणी. मुलगा विवाहित, घर वेगळे, चूल वेगळी. म्हणून त्याची जोडणी वेगळी. हे नीट समजून घेतले पाहिजे, कारण व्यापारी घरांत पेढी एक असली तरी चुली दोन असतात, आणि उलट एका चुलीवर तीन भाऊ जेवत असतात. कागद चुलीकडे पाहतो, पेढीकडे नव्हे.

या वेळी मुलाने अर्ज खिडकीवर न देता कंपनीच्या संकेतस्थळावर भरला. आधार ओळखीच्या रकान्यात जोडले आणि करार पत्त्याच्या रकान्यात. ऑनलाइन अर्जाला क्रमांक मिळतो; नाकारायचा तर कारण लेखी द्यावे लागते. तोंडी ‘नाही’ येथे चालत नाही. चार दिवसांनी वितरकाचाच फोन आला. १४.२ किलोच्या सिलिंडरसाठी २२०० रुपये आणि रेग्युलेटरसाठी २५० रुपये ही जून २०२२ पासूनची अनामत भरली. त्याशिवाय नळी, ग्राहक पुस्तिका आणि तपासणी यांचे किरकोळ पैसे लागले. कारागीर घरी येऊन शेगडी तपासून गेला; बाजारातील नळी त्याने काढून बाजूला ठेवली आणि कंपनीची बसवली. हाती आलेल्या पावतीवर बिबवेवाडीचा पत्ता होता. वाड्याचा सिलिंडर वाड्यावर परत गेला.

आधीच्या आठ महिन्यांतही सरळ मार्ग होता, तो कोणाला सुचला नाही. तेल कंपन्या पाच किलोचा छोटा सिलिंडर खुल्या विक्रीने देतात. त्याला केवळ ओळखीचा पुरावा लागतो, पत्त्याचा लागत नाही. दर बाजारभावाने पडतो, म्हणून कायमचा उपाय तो नव्हे. पण कागद तयार होईपर्यंत दोन माणसांची चूल त्यावर रीतीने चालते.

संपूर्ण कुटुंबच गाव सोडत असेल तर नवी जोडणी मागू नये, जुनीच हलवावी. त्याच शहरात घर बदलले तर सामान परत करावे लागत नाही. नोंद एका वितरकाकडून दुसऱ्याकडे जाते आणि नव्या पत्त्याचा पुरावा द्यावा लागतो. गाव बदलले तर सिलिंडर व रेग्युलेटर जुन्या वितरकाकडे जमा करून समाप्तीची पावती घ्यायची, मूळ पावतीवर लिहिलेली अनामत परत घ्यायची आणि नव्या गावी ती पावती दाखवून आजच्या दराने अनामत भरायची. आजोबांच्या काळातील पावतीवर काही शेकड्यांची अनामत असते आणि नवी हजारांत जाते, म्हणून पुष्कळजण हे टाळतात आणि सिलिंडर तसाच टेम्पोत घालतात. दोन हजारांच्या बचतीसाठी दोन लाखांचे संरक्षण जुन्या गावी ठेवून येण्याचा हा व्यवहार आहे, हे त्यांच्या ध्यानात येत नाही.

गॅस मिळाल्यानंतर आधारची पाळी आली. मुलाने नोंदणीकृत कराराच्या आधारे स्वतःचा पत्ता आधारच्या पोर्टलवरून बदलला. तो बदलून आल्यावरच सूनबाई आणि मुलीसाठी ‘कुटुंबप्रमुखा’च्या मार्गाने अर्ज केला. २०२३ पासून उपलब्ध असलेल्या या सोयीत ज्याच्या नावे पत्त्याचा कागद नाही, त्याला कुटुंबप्रमुखाचा पत्ता मिळतो. नाते दाखवणारा कागद जोडायचा. त्यांनी विवाहाचे प्रमाणपत्र आणि मुलीचा जन्मदाखला जोडला. असा कागद नसेल तर कुटुंबप्रमुखाचे ठरावीक नमुन्यातील स्वयंघोषणापत्र चालते. अर्ज केल्यावर कुटुंबप्रमुखाने तीस दिवसांच्या आत स्वतःच्या खात्यात जाऊन संमती द्यावी लागते. दुकानाच्या गडबडीत ती राहिली तर अर्ज आपोआप बंद होतो आणि भरलेले शुल्क परत मिळत नाही. म्हणूनच आधी प्रमुखाचा पत्ता, मग इतरांचा, हा क्रम. उलट केले तर सगळ्यांना पुन्हा एकदा जुनाच पत्ता मिळतो.

करार अकरा महिन्यांचा आहे. वडिलांनी दिवाळीच्या वहीपूजनाआधी मुलाकडून नव्या वहीचे शेवटचे पान वेगळे काढून घेतले आणि त्यावर चार ओळी लिहून घेतल्या : कोणत्या जोडणीवर कोणता पत्ता आहे, तो कोणत्या कागदावर उभा आहे, त्या कागदाची मुदत कधी संपते, आणि घर बदलल्यास आधी कोणाला कळवायचे. पहिल्या ओळीत गॅस आहे.